कार्तिकी एकादशीची रात्र आणि तीन औषधांची एक गोळी

बॉन्डची नोकरी करताना पीजीचा अभ्यास रात्रीच होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री साडेआठनंतर ओपीडीत शुकशुकाट असतो. सर्पदंश किंवा बाळंतपण आलं नाही, तर पुस्तक उघडता येतं. त्या रात्री मी मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रश्न सोडवत होते. हा धडा बहुतेक जण घोकूनच पार करतात: पायोग्लिटाझोन म्हटलं की सूज आणि हृदयावर ताण, ग्लिफ्लोझिन म्हटलं की लघवीच्या जागी बुरशी, मेटफॉर्मिन म्हटलं की लॅक्टिक ॲसिडोसिस. एका प्रश्नाच्या पर्यायांत ऑक्ट्रिओटाइड होतं. मी त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘इथे कशाला?’

नऊ वाजून वीस मिनिटांनी फाटकातून मालवाहू ऑटो आत आला. मागे सतरंजीवर अडुसष्ट वर्षांचे आजोबा. मुलगा उडी मारून उतरला.

“मॅडम, बाबाले लकवा मारला वाटते. उजवा हात उचलूनच नाही राह्यले. बोलतबी नाही.”

उजवी बाजू खरंच लुळी होती. डोळे अर्धवट मिटलेले, चिमटा काढला की कण्हायचे, बस. लकव्याचंच चित्र. पण स्ट्रेचरवर घेताना माझा हात त्यांच्या पाठीला लागला आणि सदरा पिळून काढावा इतका ओला होता. कार्तिकातली रात्र, ऑटोत उघड्यावर आलेला माणूस, मुलगा स्वतः मफलर गुंडाळून उभा, आणि बापाला असा घाम? सिस्टरने मी सांगायच्या आधीच बोटाला सुई टोचली होती. ग्लुकोमीटरवर ३१.

साखर फार उतरली की मेंदूची एक बाजू आधी दगा देऊ शकते आणि ते हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. म्हणून लकवा म्हणून आलेल्या प्रत्येकाची साखर आधी बघायची, सीटी स्कॅनची भाषा नंतर. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलिची बाटली शिरेतून सोडली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. बाटली संपत आली तसे आजोबा डोळे उघडून छताकडे बघू लागले. दहा मिनिटांत उजव्या हाताने त्यांनी नाक खाजवलं. साखर १८६.

मुलाचा चेहरा उजळला. “झालं न मॅडम? उद्या वेचणीले बाया सांगितल्या हायेत, घरी नेतो मंग.”

खरं सांगायचं तर मीही क्षणभर ‘न्या’ म्हणणार होते. पण एक गोष्ट खटकत होती. मी विचारलं, “घरी काही गोड दिलं होतं का?”

“दिलं न. साडेआठले हात थरथरत होते, तवा चांगली चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजली. तरी उतरतच गेले.”

चार चमचे साखर पोटात गेली आणि पाऊण तासाने ३१? मी औषधं मागितली. कॅरीबॅगमधून दोन पट्ट्या निघाल्या. पहिली आमच्याच मधुमेह क्लिनिकची, ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, रोज सकाळी एक. दुसरी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यातून दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली, सकाळ-संध्याकाळ. तिच्या मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली: ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, वोग्लिबोज ०.२ मिग्रॅ. एका गोळीत तीन औषधं आणि त्यातलं एक सरकारी पट्टीतलंच. म्हणजे ग्लिमेपिराइड दिवसाला ६ मिग्रॅ. आजोबांच्या हिशेबी त्या दोन वेगळ्या गोळ्या होत्या, कारण एक पांढरी होती आणि एक गुलाबी.

बाकीचं मुलाने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. दोन दिवस जुलाब होते. आज एकादशी, म्हणून सकाळपासून फक्त काळा चहा. पण गोळी चुकली तर साखर वाढेल, म्हणून सकाळच्या दोन्ही घेतल्या आणि संध्याकाळी सातलाही एक घेतली. “गोळीचा उपास थोडाच असते, मॅडम?”

आता त्या पट्टीतला कोण गुन्हेगार, हे शोधायचं होतं. परीक्षेत अगदी असंच विचारतात.

मेटफॉर्मिन एकट्याने साखर इतकी खाली नेत नाही. ते मुख्यतः यकृतातून नवी साखर रक्तात येणं कमी करतं, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत नाही. त्याचा धोका वेगळा होता: जुलाबाने शरीर सुकलेलं, मूत्रपिंड थकलेलं, तर लॅक्टिक ॲसिड साचू शकतं. आजोबांचा श्वास खोल आणि जोरात चालत नव्हता, एवढंच मी बघू शकले. ॲसिडोसिस नेमका तपासायला लागतं ते यंत्र आमच्याकडे नाही.

वोग्लिबोजही एकट्याने साखर पाडत नाही. ते आतड्याच्या अस्तरावरच्या अल्फा-ग्लुकोसिडेज विकरांना अडवतं, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश येते. न पचलेलं पुढे मोठ्या आतड्यात जातं, जंतू त्यावर ताव मारतात आणि पोट फुगतं. मी आजोबांना विचारलं, तर त्यांच्याऐवजी आजीच बोलल्या, “दोन महिन्यापासून गुडगुड चालू हाय बाप्पा, रातभर झोपू देत नाही.” पण याच औषधाने एक खोडी करून ठेवली होती. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. ती फोडून ग्लुकोज सुटं करणारं विकरच सातच्या गोळीने अडवलं होतं. म्हणून साडेआठचं साखरपाणी आतड्यात रेंगाळलं. गुळाचंही तेच झालं असतं, तोही बहुतेक सुक्रोजच. अशा वेळी मेडिकलमध्ये मिळणारी सुट्या ग्लुकोजची पावडर लागते, कारण तिला फोडावं लागत नाही. शुद्धीवर असेल तर दूधही चालतं, दुधातली साखर फोडणारं विकर वेगळं. सगळा दोष वोग्लिबोजवर मात्र मी टाकत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी किती पोटात गेलं आणि किती सदऱ्यावर सांडलं, कोण सांगणार. श्वासनलिकेत गेलं नाही हे नशीब.

साखर पाडणारं खरं औषध ग्लिमेपिराइड. ते सल्फोनिलयुरिया वर्गातलं. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे टायफॉइडच्या रुग्णांना एक सल्फा औषध देताना त्यांची साखर घसरते, हे लक्षात आलं आणि हा वर्ग त्यातून पुढे आला. म्हणजे साखर पाडणं हाच याचा जन्मदाखला. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच्या भिंतीत पोटॅशियमचं एक दार असतं. पेशीत साखर जळून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार झालं की ते दार बंद होतं, पेशीतला विजेचा ताण बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर कमी असेल तर दार उघडं राहतं आणि इन्सुलिन थांबतं, ही निसर्गाची सोय. सल्फोनिलयुरिया ते दार स्वतःच दाबून धरतं. रक्तात साखर ३१ असो की ३००, त्याला घेणंदेणं नाही.

आणि इथेच माझा ‘न्या’ घशात अडकला. मी शिरेतून साखर दिली, तीच साखर त्या आधीच चेतलेल्या पेशींना आणखी इन्सुलिन सोडायला सांगणार. पुन्हा ग्लिमेपिराइडचा यकृतात तयार होणारा एक घटकही साखर कमी करतो आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर तो साचतो. आमच्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला झोपेतून उठवून मूत्रपिंडाची स्थिती सांगणारं क्रिएटिनिन करवलं, २.६ आलं, म्हणजे बरंच वाढलेलं. मी मुलाला सांगितलं, आज रात्री घरी जायचं नाही, किमान चोवीस तास नजरेखाली राहावं लागेल. तो नाराज झाला. वेचणीच्या बायांना दुसऱ्याच्या वावरात जायला वेळ लागत नाही, हे मलाही कळत होतं.

१० टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटल्या संपलेल्या होत्या. सिस्टरने ५ टक्क्यांच्या ५०० मिलि बाटलीतून १२५ मिलि काढून टाकलं आणि तेवढंच २५ टक्क्यांचं भरलं. हिशेब सोपा: उरलेल्या ३७५ मिलित पावणेएकोणीस ग्रॅम, भर घातलेल्यात सव्वाएकतीस, मिळून ५० ग्रॅम, म्हणजे बरोबर १० टक्के. ते तासाला १०० मिलि चालू केलं आणि दर अर्ध्या तासाने बोट टोचायचं ठरलं. आजोबांनी बिस्किटं खाल्ली, उपास मोडल्याबद्दल आजीकडे बघत.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आजोबा “वावरात कोन हाय?” असं पुटपुटायला लागले. साखर ४४. ठिबक चालू असताना. मुलगा खाटेशेजारीच बसला होता. त्याने मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वेचणीचा विषय पुन्हा काढला नाही.

पुन्हा २५ टक्क्यांची बाटली दिली. सिस्टरने ग्लुकागॉनचं विचारलं. ते आमच्याकडे नव्हतं, पण असतं तरी मी त्याच्या भरवशावर राहिले नसते. ग्लुकागॉन यकृतातला साठा मोकळा करतं, आणि दोन दिवस जुलाब व दिवसभर उपास झालेल्या माणसाच्या यकृतात साठा उरतो किती? वर ते इन्सुलिनलाही डिवचतं. हवं होतं ते ऑक्ट्रिओटाइड. ते बीटा पेशीतून इन्सुलिन सुटणंच रोखतं, म्हणजे आगीवर पाणी ओतत बसण्याऐवजी इंधन तोडतं. मी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीला फोन केला. तिथल्या रेसिडेंटने दोन सेकंद विचार केला आणि म्हणाला, “आहे. अन्ननलिकेच्या रक्तस्रावासाठी ठेवतो आम्ही. पाठवा.”

१०८ पावणेएकला निघाली. सोबत डेक्स्ट्रोजच्या बाटल्या, ग्लुकोमीटर आणि दोन्ही पट्ट्या दिल्या. चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ मोठ्या अक्षरात लिहिली, कारण पुढची रात्र किती लांब आहे ते त्यावरून ठरतं.

दुसऱ्या दिवशी रेसिडेंटचा फोन आला. पोचल्यावर साखर पुन्हा ५८ झाली होती. ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम त्वचेखाली दिलं, सहा-सहा तासांनी पुन्हा, आणि त्यानंतर घसरण झाली नाही. पाणी भरून काढल्यावर चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.३ पर्यंत उतरलं. सल्फोनिलयुरिया आणि तीन औषधांची गोळी बंद झाली, मूत्रपिंड सावरल्यावर नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं.

पंधरा दिवसांनी आजोबा ओपीडीत आले, तीच कॅरीबॅग घेऊन. आत एकच पट्टी. पोटाची गुडगुड थांबली होती, साखर उपाशीपोटी १६२ होती. वाढलेलीच, पण त्या वयाला आणि त्या रात्रीनंतर मला ती चालणार होती. मी सांगितलं, जुलाब-उलट्या लागल्या तर ही गोळीही थांबवायची आणि इकडे यायचं, दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर ही पिशवी आधी टेबलावर ठेवायची.

“अन् एकादशीले?” त्यांनी विचारलं.

“उपास करायचाच असेल तर दूध, शेंगदाणे, भगर खा. नुसत्या चहावर राहू नका.”

ते आजीकडे वळले. “पाह्य, मॅडमच म्हणते भगर खा म्हनून. तू मले नुसता चहा देत होती.”

“तुम्हीच मांगत होते,” आजी म्हणाल्या आणि पिशवीला गाठ मारली.