हेल्मेट मांडीवर

समलिंगी माणसांसाठीच्या आमच्या आधार गटाच्या बैठकीचा पत्ता आम्ही कुठेही छापत नाही. आधी फोनवर निवांत बोलणं होतं. माणूस स्वतःसाठी येतोय की कुणाच्या मागावर, एवढा अंदाज त्यात येतो. मग चौकातली खूण सांगायची आणि इमारतीचं नाव त्या दिवशी सकाळी. 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध 377 कलमातून बाहेर काढले, पण फोनवरचा पहिला प्रश्न अजून तोच असतो: "ओळखीचं कुणी भेटणार नाही ना?"

पुण्यात याचं खरं उत्तर "भेटू शकतं" हेच. एका नव्या माणसालाही मी तेच सांगितलं होतं. (ही गोष्ट त्याला विचारून, खुणा बदलून लिहितोय.) तरी तो आला. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, दाराजवळची खुर्ची, आणि मांडीवर हेल्मेट. ठेवा खाली म्हटलं तर म्हणाला, "असू दे, बरंय."

सुरुवातीला नियम सांगतो. इथलं बोलणं इथेच राहील, फोटो नाहीत, जोडीदार शोधायची ही जागा नाही, नाव कुठलंही सांगा. बोलायचं नसेल तर "पास" म्हणा, का ते कुणी विचारणार नाही. त्याने छातीवरच्या चिठ्ठीवर 'अविनाश' लिहिलं. थोड्या वेळाने "अविनाश, चहा?" असं तीनदा विचारलं तरी पठ्ठ्या ढिम्म. शेजाऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा दचकून, "हो हो, मीच." नवीन नाव अंगवळणी पडायला वेळ लागतो. खोलीतल्या निम्म्यांना हे अनुभवाने ठाऊक, म्हणून कुणी हसलं नाही.

एवढ्यात उशिरा आलेला एक जण आत शिरला आणि याने हेल्मेट चक्क डोक्यात घातलं. तो याच्या गल्लीतला औषधवाला निघाला. अशा वेळेसाठीच आम्ही दोघं असतो: एक बैठक चालवतो, दुसरा चेहऱ्यांवर लक्ष ठेवतो. मी दोघांनाही गॅलरीत नेलं आणि एरवी शेवटी सांगायचा नियम तिथेच सांगितला. बाहेर गाठ पडली तर जुन्याने आधी ओळख दाखवायची नाही. नवा हसला तर हसायचं, नाहीतर अनोळखी.

औषधवाल्याला घाम फुटला होता. याच्यापेक्षा जास्तच, कारण त्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाईकं सगळी गल्लीतली. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तोच म्हणाला, "साहेब, गेली कित्येक वर्षं बीपीच्या गोळ्या नेताय. मी कधी वहिनींना तरी बोललोय का?"

"वहिनींना माहीत नाहीत गोळ्या?" मी विचारलं.

"नाही," हेल्मेटच्या आतून आवाज आला. "उगाच काळजी करते."

आत गेल्यावर पाळी आली तेव्हा तो "पास" म्हणाला. हेल्मेट काढून.