घड्याळ दहा मिनिटं पुढे

६ जुलै

आत्याकडून आज परत आले. मामांना जाऊन एकोणीस दिवस झाले. (आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात.) तेरा दिवस वाईचं ते घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण टेकायच्या आधीच विचारायचा, "काय झालं एकाएकी?" आणि आत्या सांगायची. एका दिवशी मी सहज मोजलं तर नऊ वेळा. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण भेटायला येणं म्हणजे तेच असतं. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, सतरंज्या परत गेल्या, आणि विचारणारं कुणी राहिलं नाही. सांगणं मात्र संपलेलं नाही.

आज दुपारी मला दोनदा सांगितलं. पहाटे मामा उठून बसले, छातीत जळजळतंय म्हणाले. आदल्या संध्याकाळी मिसळ खाल्ली होती, म्हणून पित्त असेल असं वाटून हिनं ओवा आणि काळं मीठ दिलं. मग घाम फुटला, "बनियन पिळून काढावं असा". शेजारच्या पोरानं गाडी काढली, साताऱ्याकडे निघाले आणि पाचवडच्या पुढं मामांनी मान टाकली.

आणि शेवटी हिशोब. "मी उठले तेव्हा भिंतीवर चार वीस झालेले. गाडी निघाली तेव्हा त्या पोरानं मोबाईल बघितला, पाच वाजून पाच. पंचेचाळीस मिनिटं गं. पंचेचाळीस मिनिटं मी ओवा देत बसले."

मी म्हटलं, "आत्या, यात तुझा काय दोष? पोटाच्या वरच्या भागात जळजळ झाली की डॉक्टरसुद्धा आधी पित्तच समजतात कधी कधी."

ती गप्प झाली. "चहा टाकते," म्हणून उठली.

मी हॉस्पिटलात समुपदेशक आहे. दिवसभर हेच काम करते. एखाद्या पेशंटच्या बायकोशी असं बोलले असते का? नसते बोलले. माणूस 'माझं चुकलं' म्हणतो तेव्हा आपण 'नाही चुकलं' म्हटलं, की त्याला एवढंच कळतं की हे इथे बोलायचं नाही. मी धीर दिला तो मलाच. तिचं ते पंचेचाळीस मिनिटांचं ऐकवत नव्हतं मला.

२७ जुलै

आता बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी फोन करते. आधीच सांगते, "आत्या, आज अर्धा तास आहे माझ्याकडे." हे शिकायला मला नोकरीत बरीच वर्षं लागली. मधेच 'बरं, ठेवते' म्हणून तोडण्यापेक्षा वेळ आधी सांगितलेला बरा. तिलाही तो पुरवून वापरता येतो. मीही घड्याळाकडे न बघता ऐकते.

आज तिनं विचारलं, "तुला हे सांगितलंय का गं मी?" या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर ती ओशाळते, 'नाही' म्हणणं खोटं. मी म्हटलं, "ओव्यापर्यंत सांगितलंस. ओवा दिल्यावर काय झालं?"

आजवर ती ओव्यावरून थेट घामावर उडी मारत होती. मधे काहीतरी असणारच, पण ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. आजही नाही सांगितलं. थोडं थांबली, मग म्हणाली, "मग घाम फुटला." मी पुन्हा विचारलं नाही. ओढून काढायला गेलं की माणूस ती जागा आणखी घट्ट मिटतो.

एक सवय लागली आहे. फोन ठेवला की दोन ओळी लिहून ठेवते, आज काय नवं आलं. आज एकच: मिसळ खायला दोघं मिळून गेले होते. इतके दिवस 'ह्यांनी मिसळ खाल्ली' एवढंच होतं. गोष्ट तीच वाटते आपल्याला, कारण आपण शेवटाकडे कान लावून बसतो. सांगणारी मात्र दर वेळी वेगळ्या दारानं आत शिरत असते.

२४ ऑगस्ट

आज घरात वाजलं. आत्येभाऊ पुण्याहून आला होता, मीही होते. जेवताना आत्यानं सुरू केलं आणि तो म्हणाला, "आई, किती वेळा तेच तेच. त्रास करून घेतेस नुसता." मला त्याचा राग आला, मग उतरला. आत्याच्या गोष्टीत एक वाक्य असतं: "पोराला फोन लावला तवा पावणेसहा झालेले." तेवढ्यात सगळं होऊन गेलेलं. तो या गोष्टीत आहे, आणि उशिरा आलेला आहे. तिनं सांगायला घेतलं की दर वेळी तो पुन्हा एकदा उशिरा पोचतो. घरातल्या माणसाला हे ऐकणं जड जातं ते असं. मला सोपं जातं कारण मी त्या पहाटेत कुठेच नाही.

पण खरं वाजलं ते नंतर. मामा एसटीत कंडक्टर होते. भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचे, गाडी चुकू नये म्हणून, आणि रिटायर झाल्यावरही तसंच. भाऊ बिचारा चांगल्या मनानं स्टुलावर चढला आणि घड्याळ बरोबर लावलं. "चुकीची वेळ दाखवतंय आई, दहा मिनिटं पुढे आहे."

आत्या बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चार वीस नव्हते. चार दहा होते."

मी हा हिशोब जुलैतच केला होता. सुरुवात भिंतीवरच्या घड्याळावरून, शेवट मोबाईलवरून. घड्याळ पुढे, म्हणजे मधलं अंतर कमी नाही, जास्त. तेव्हा बोलले नव्हते. दुसऱ्याच्या गोष्टीतला आकडा आपण दुरुस्त करायचा नसतो, कारण तो कुठल्या बाजूला सरकेल सांगता येत नाही.

"पंचावन्न मिनिटं," आत्या म्हणाली. रात्री जेवली नाही.

२५ ऑगस्ट

सकाळी पुण्याला निघायच्या आधी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "मलापण घेऊन जायचं होतं त्यांनी."

असं वाक्य पुष्कळ जणी म्हणतात आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ आठवण येते एवढाच असतो. पण अंदाजावर सोडायचं नाही. सरळ विचारलं, "आत्या, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं?" विचारल्यानं ते डोक्यात शिरतं अशी एक समजूत आहे, ती खोटी आहे. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी वेडीच आहे. "छे गं! म्हशीला कोण बघणार? आठवण येती म्हणून म्हणलं." म्हशीचं नाव निघालं आणि मला हायसं वाटलं. तरी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रीजवर चिकटवून आले.

१६ नोव्हेंबर

दिवाळीला कंदील लावला नव्हता. आज रविवार, मी समोरच होते. लसूण सोलत बसलो होतो. तिनं विचारलं, "ओव्यानं वाढलं का गं त्यांचं?"

जुलैमध्ये मी न विचारता उत्तर दिलं होतं. आज तिनं विचारलं. म्हटलं, "नाही. ओव्यानं हार्ट अटॅक वाढत नाही."

"आणि वेळ गेला त्याचं?"

इथे 'नाही' म्हणायचा मोह होतो. पण ती खुळी नाही. खोटं सांगितलं असतं तर आधीचं खरं उत्तरही वाया गेलं असतं. म्हटलं, "वेळ गेला. लवकर पोचले असते तर काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तेव्हा ते हार्टचं आहे हे तुला ठाऊक नव्हतं."

बराच वेळ ती बोलली नाही. मीही नाही. लसणाची सालं दोघींच्या मधे पडत होती. मग ती आपण होऊन म्हणाली, "ओवा घेतल्यावर बरं वाटतंय म्हणाले."

चार महिने या वाक्याची वाट बघत होते, पण ते असं लसणात येईल असं वाटलं नव्हतं.

"बरं वाटतंय म्हणाले, पडतो जरा म्हणाले. डोळा लागला त्यांचा. मी पाय चेपत बसले. घाम फुटला तो नंतर."

"किती वेळ चेपत होतीस?"

"अर्धा तास असंल. पायाला गार लागलं म्हणून माझी शाल टाकली वर." मग हसली थोडीशी. "म्हणाले, कंडक्टरला एसटीत कोण पाय चेपून देत नव्हतं."

हे पंचावन्न मिनिटांतलंच आहे सगळं. तिनं आकडा आज एकदाही काढला नाही.

शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की शोकात माणूस दोन काठांमधे ये-जा करतो: एकीकडे गेलेल्या माणसाचं दुःख, दुसरीकडे रोजचं जगणं. प्रशिक्षणात हे शिकले तेव्हा डोळ्यांसमोर आकृतीच होती. आत्याचं बघते तर एकाच वाक्यात दोन्ही असतं, मामांचा घाम सांगता सांगता ती म्हणते, "उद्या पेंड आणायची राहिली."

१४ डिसेंबर

तीन दिवसांनी सहा महिने होतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेला शोक असं एक निदान आहे, आणि त्यात किमान सहा महिन्यांची अट आहे. ती तारीख माझ्या डोक्यात नको तेवढी बसली आहे, धंद्याचा दोष. पण नुसत्या महिन्यांवर ते ठरत नाही. ती जेवते, झोपते, म्हशीवर ओरडते, भिशीला जाते. मुख्य म्हणजे गोष्ट हलली आहे. तेच शब्द, तीच जागा, तिथेच गळा दाटणं, पुढे एक पाऊल नाही, असं महिनोन् महिने चाललं असतं तर नुसतं ऐकून भागलं नसतं. माझ्याच एखाद्या सहकाऱ्याकडे तिला नेलं असतं.

आज तिनं गोष्ट पहाटेपासून सुरूच केली नाही. सुरुवात केली ती १९८७ पासून, वाई-महाबळेश्वर गाडीवर मामांनी तिच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले होते तिथून. "लग्न ठरलेलं होतं बरं का! तरी घेतले. पावती फाडली हातावर." ओव्यापर्यंत यायला दीड तास लागला, आणि पाचवड आलंच नाही, कारण माझ्या गाडीची वेळ झाली.

वर बघितलं तर घड्याळ माझ्या मोबाईलपेक्षा दहा मिनिटं पुढे.

"हे कुणी केलं?"

"मीच. स्टुलावर चढून."

"आत्या, या वयात स्टुलावर?"

"ऊठ आता, गाडी चुकंल."

पिशवीत लसूण भरून दिला, निम्मा सोललेला. धावत स्टँडवर आले. गाडी लागायची होती.