अकरावा दिवस, तरी कोष नाही

वेरूळला निघाले होते. ते झालंही, पण रविवारच्या गर्दीत कैलास लेण्यासमोर दहा मिनिटंही निवांत उभं राहता आलं नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी जालन्याहून अंबडच्या वाटेवरच्या एका गावात मावसभावाकडे गेले. एक रात्र राहायचं ठरलं होतं, राहिले तीन. कारण त्याच्या शेडमधले रेशीमकिडे.

भाऊ चार वर्षांपासून तुती लावतो. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, आता जालन्यातच बाजार आहे, म्हणून त्यानं अर्धा एकर वाढवला. या वेळी 150 अंडीपुंज घेतले होते. मी पोहोचले तेव्हा ताट वाढलेलं होतं, ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पण भाऊ जेवला नाही. म्हणाला, "ताई, आधी शेडमध्ये चल. तू शिकवतीस ना हे सगळं?"

शेडमध्ये दोन रॅक होते. उजव्या रॅकवर चंद्रिका, म्हणजे अळ्यांना कोष विणायला आधार देणाऱ्या जाळ्या, टाकलेल्या आणि पांढरेशुभ्र कोष भरलेले. डाव्या रॅकवर मात्र जाडजूड अळ्या, बोटभर लांब, खाली मान घालून पानं खात होत्या.

"एकाच दिवशी चौथी कात टाकली दोन्हीकडच्यांनी," भाऊ म्हणाला. "आज अकरावा दिवस हाय. अजून खायलेतच."

चौथ्या कातीनंतरची पाचवी अवस्था साधारण सात ते आठ दिवसांची असते. मग अळी खाणं सोडते, तिचं अंग पिवळसर पारदर्शक दिसू लागतं, ती डोकं वर करून फिरते आणि जागा मिळाली की सूत काढायला लागते. डावीकडे यातलं काहीच नव्हतं. मी आधी रोग शोधले. ग्रासरी असती तर अंग सुजून कातडी फुटली असती आणि दुधासारखा द्रव गळला असता. फ्लॅचरी असती तर अळ्या लिबलिबीत पडून वास सुटला असता. मस्करडीन असता तर मेलेल्या अळ्या खडूसारख्या कडक झाल्या असत्या. इथे अळ्या धडधाकट होत्या, आणि हीच गोष्ट मला खटकली.

मी विचारलं, "डावीकडच्यांना पाला कुठला घातला?"

उजव्या रॅकला विहिरीकडचा, डाव्याला बांधाकडचा. बांधापलीकडे शेजाऱ्याची कपाशी. आम्ही बांधावर गेलो तर तिथे औषधाची रिकामी बाटली पडलेली होती. पांढऱ्या माशीसाठी फवारलेलं, त्यात पायरिप्रॉक्सिफेन. शेजाऱ्यानं फवारणीचा वार सांगितला आणि भावाच्या वहीशी जुळवला, तेव्हा ती पाचव्या अवस्थेची दुसरी संध्याकाळ निघाली.

बांधावर बसूनच मी त्याला समजावलं, आणि इतकी वर्षं फळ्यावर काढलेली आकृती मला तिथे पहिल्यांदा नीट कळली. अळीच्या अंगात दोन संप्रेरकं असतात. छातीतल्या ग्रंथीतून येणारं एक्डायसोन सांगतं, कात टाक. मेंदूमागच्या दोन बारीक ग्रंथींतून येणारं बालसंप्रेरक सांगतं, टाकशील तेव्हा अळीच राहा. पहिल्या चार काती टाकताना दोन्ही हजर असतात, म्हणून अळी फक्त मोठी होत जाते. पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला बालसंप्रेरक ओसरतं. ते गेलं की एक्डायसोनची छोटी लाट येते आणि तिच्यावर अळीचा निश्चय होतो, आता खाणं बंद, आता कोष. पुढच्या मोठ्या लाटेत कोषाच्या आत प्युपा बनतो, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली निजलेली अवस्था. पायरिप्रॉक्सिफेन नेमकं बालसंप्रेरकाची नक्कल करतं. अळीकडे खरं बालसंप्रेरक मोडून टाकणारं विकर आहे, पण या पदार्थाची रचना वेगळी असल्यामुळे ते विकर त्याला मोडू शकत नाही. म्हणून अळीच्या शरीराला वाटतं, अजून आपलं बालपण संपलेलं नाही.

भावजयीनं विचारलं, "मग पिकवायचं औषध टाकलं तर?" सगळ्या अळ्या एकदम कोषावर याव्यात म्हणून पाल्यावर शिंपडायचं वनस्पतीजन्य एक्डायसोनसारखं औषध मिळतं, ते तिच्या मनात होतं. मी म्हणाले, पैसे घालू नका. बालसंप्रेरक आधीच ओसरलेल्या अळ्यांना ते घाई करायला लावतं. ते ओसरलेलंच नसेल तर एक्डायसोनचा अर्थ उरतो फक्त 'आणखी एकदा कात टाक'. हे सांगताना वाईट वाटत होतं. तिनं तीन आठवडे रात्री उठून त्यांना पाला घातला होता.

शेजारी वाईट माणूस नाही. त्याची वेगळीच तक्रार होती, "औषधानं काहीच मरत नाही लवकर." मी त्याला फुटलेल्या बोंडावरचे लाल ढेकण्या दाखवले. त्यांच्यात अळी नाही, प्युपा नाही. पिल्लू आणि मोठं एकाच बोंडावर, एकसारखंच दिसणारं, पिल्लाला फक्त पंखांचे अंकुर. हे अपूर्ण रूपांतरण. पाचवी कात टाकताना बालसंप्रेरक नसलं की पिल्लाचं थेट पंखवालं मोठं होतं. तिथे निर्णय एकच, पिल्लू की मोठं. रेशीमकिड्याला दोन ओलांडायचे असतात, आधी अळीतून प्युपा, मग प्युपातून पतंग. असं औषध जागेवर मारत नाही, ते मोठं होऊ देत नाही. म्हणून परिणाम दिसायला दिवस लागतात आणि शेतकऱ्याला वाटतं औषध बेकार.

लाल ढेकण्याच्याच कुळातल्या एका किड्याची गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. 1960 च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा प्रागहून हार्वर्डला किडे घेऊन गेले आणि तिथे पिल्लं मोठी होईनात, जादा काती टाकून राक्षसी पिल्लंच राहिली. तिथल्या कॅरोल विल्यम्स या शास्त्रज्ञासोबत त्यांनी शोधलं, तेव्हा कारण निघालं किड्यांच्या भांड्यात टाकलेला अमेरिकी कागद. तो बाल्सम फर झाडाच्या लगद्याचा, आणि त्या लाकडात बालसंप्रेरकासारखा पदार्थ होता. न्यूयॉर्क टाइम्सचा कागद किड्यांना अडवायचा, लंडनच्या टाइम्सचा नाही. भावाच्या रॅकवरही वर्तमानपत्रं अंथरलेली होती, ती पाहून मला क्षणभर तीच शंका आली. पण तो पदार्थ त्या कुळापुरताच चालतो, रेशीमकिड्याला नाही. शिवाय कागद दोन्ही रॅकवर होता.

जेवायला बसलो तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. मावशीनं भाकरी पुन्हा गरम केल्या. एवढ्या नुकसानीच्या रात्रीही तिनं मला तूप वाढायचं चुकवलं नाही.

डाव्या रॅकवरच्या थोड्या अळ्यांनी पुढे पातळ, अर्धवट जाळी विणली, बाकीच्या खात खात मेल्या. 90 किलोची अपेक्षा होती, बाजारात गेले 47. भाऊ अळ्या खड्ड्यात पुरत होता तेव्हा मी बांधाकडच्या ओळी मोजत बसले होते.

निघताना एवढंच ठरलं: पुढची बॅच घेण्याआधी, पाल्यात औषध उरलंय का ते कळायला, बांधाकडच्या पाल्यावर दुसरीकडून आणलेल्या, नुकती चौथी कात टाकलेल्या 20 अळ्या वाढवून बघायच्या. फवारणीआधी फोन करायचं शेजाऱ्यानं कबूल केलं.

महिन्याभरानं भावाचा फोन आला. 20 पैकी 13 अळ्यांनी कोष केले होते. बांधाकडच्या तीन ओळी त्यानं बुंध्यापासून छाटल्या आणि तो पाला शेडकडे नेलाच नाही.