पांढरी टोपी, काळा चेहरा : तात्यांच्या एका फोटोसाठी पाच रविवार

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंचाहत्तर, रंग तव्यासारखा, गळ्यात तुळशीची माळ, अंगात पांढरा सदरा आणि डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. त्यांचा एकही धड फोटो घरात नाही. दिंडीतला एक जुना रंगीत ग्रुप फोटो आहे, त्यात तात्या म्हणजे एक टोपी आणि दातांची एक ओळ. फिल्मच्या काळात प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये ‘शर्ली कार्ड’ असायचं, कोडॅकचं, त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा. तो चेहरा बरोबर आला की बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यायचं. पण सगळा दोष लॅबवर टाकला तर लबाडी होईल, कारण पहिल्या रविवारी माझ्या डिजिटल कॅमेऱ्यानंही नेमकं तेच केलं.

पहिला रविवार थोडक्यात. सकाळी अकराला अंगणात उभं केलं. डोळ्यांच्या जागी दोन खळगे आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. ते ऊन ह्या कामाचं नव्हतंच.

दुसऱ्या रविवारी तात्यांना ओसरीच्या कडेला, सावलीत बसवलं. आयएसओ २००, एफ/४, ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड. कॅमेऱ्याला त्याच्या मनानं मोजू दिलं तर त्यानं १/४०० दिलं. टोपी सुरेख, सदऱ्याची वीणसुद्धा दिसते, चेहरा मात्र कोळसा. मग स्पॉट मीटर लावून एकेक जागा मोजली. टोपीवर १/१०००, गालावर १/६०. म्हणजे दोन्हींत चार स्टॉपचं अंतर, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

मीटरला टोपी कळत नाही आणि तात्याही कळत नाहीत. समोर जे येईल ते मध्यम राखाडी करायचं, एवढंच तो जाणतो. फ्रेममध्ये पांढरं जास्त, म्हणून त्यानं सगळं दाबलं आणि गाल राखाडीपेक्षा पावणेतीन स्टॉप खाली गेला. उलट, गालावरच्या मापानं १/६० लावलं असतं तर गाल राखाडी झाला असता, म्हणजे तात्या आहेत त्यापेक्षा उजळ, आणि टोपी चार स्टॉप वर जाऊन कोरी झाली असती. माझ्या कॅमेऱ्यात राखाडीच्या वर तीन-सव्वातीन स्टॉपपर्यंत रॉ फाइलमध्ये काही उरतं, त्यापुढे काही नाही. तेव्हा नुसता शटर फिरवून हे सुटणार नव्हतं. ते चार स्टॉपचं अंतरच कमी करायला हवं होतं.

ते अंतर येतं कुठून, हे कळायला मला अर्धा तास लागला. स्वच्छ पांढरं कापड आणि तात्यांचा गाल एकाच उजेडात धरले तर फरक तीन-सव्वातीन स्टॉपचा निघतो (दंडावर पांढरा रुमाल ठेवून मोजला). वरचा पाऊण स्टॉप आकाशाचा. ओसरीच्या कडेला टोपी थेट आकाशाकडे बघते आणि चेहरा उभा, भिंतीसारखा, त्याला त्यातला जेमतेम अर्धा उजेड मिळतो. म्हणून तात्यांची खुर्ची तीन फूट आत घेतली. डोक्यावर पत्रा आला, वरचा उजेड तुटला, आता जो काय येतो तो समोरून, आडवा. पुन्हा मोजलं. टोपी १/४००, गाल १/५०. तीन स्टॉप.

मग तीन फोटो काढले, १/५०, १/१०० आणि १/२००. १/५० मध्ये गाल राखाडीवर आला, सगळं दिसतंय, पण तात्या अंगाला राख फासल्यासारखे. काकूंनी स्क्रीन बघून विचारलं, “हे कोण?” टोपीची कडही जागोजागी उडालेली. १/२०० मध्ये रंग भारदस्त, पण गालाच्या सुरकुत्या आणि हनुवटीचे खुंट गायब. १/१०० बरोबर होता : गाल राखाडीच्या एक स्टॉप खाली, टोपी दोन स्टॉप वर. तात्यांच्यासाठी ‘उणे एक’ हा माझा आकडा ठरला. तुमच्या माणसासाठी तो उणे अर्धाही निघेल, पण तीन फोटो काढून ठरवा, मीटरवर सोडू नका. स्पॉट मीटर नसेल तर आपला तळहात माणसाच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात धरायचा. तळहाताचा रंग माणसागणिक फार बदलत नाही, तो राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. तेवढ्या मापावरून एक स्टॉप जास्त एक्सपोजर दिलं की जागेवर येतं.

१/४०० वाला पहिला फोटो संगणकावर उचलून बघायचा मोह मलाही झाला. जेपेगमध्ये गालावर हिरवे-जांभळे ठिपके आले. रॉमध्ये जरा बरं, तरी कानामागचा भाग चिखलच. सावळ्या कातडीवर निळ्या रंगाचा हिस्सा मुळात सगळ्यात कमी असतो, एक्सपोजर दाबलं की तोच आधी मरतो. हिस्टोग्राम बघून हे कळत नाही, कारण त्यात टोपी आणि सदराच बोलतात. गालावर शंभर टक्के झूम करून बघणं, एवढाच खरा उपाय.

तिसरा रविवार मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. एक्सपोजर बरोबर होतं, पण चेहरा सपाट. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते फक्त माहीत होतं म्हणून दिसत होतं. देवळातली काळ्या पाषाणाची मूर्ती आठवा. कोरडी असताना सगळा काळा गोळा, अभिषेक झाला की नाक-डोळे लख्ख. उजेड तेवढाच, मूर्ती तीच, फक्त पृष्ठभागावर चमक आली. कातडीचंही तसंच आहे. काही उजेड आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो आणि काही नुसता वरच्या वर परततो. हा वरचा हिस्सा गोऱ्या-काळ्या सगळ्यांत जवळजवळ सारखाच, चार-पाच टक्के. गोऱ्या कातडीत आतून इतका उजेड परत येतो की ही चमक त्यात बुडून जाते. सावळ्या कातडीत आतलं कमी, म्हणून चेहऱ्याचा आकार चमकच सांगते. तेव्हा उजेड किती, ह्याइतकंच चमक कुठे आणि केवढी, हेही बघावं लागतं.

चमक म्हणजे प्रतिबिंब. म्हणून पुतण्याचं काळं चकचकीत हेल्मेट तात्यांच्या खुर्चीवर, चेहऱ्याच्या उंचीला ठेवलं आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं. दारात पाठ करून मी उभा होतो, त्यामुळे हेल्मेटवर मधोमध माझीच काळी सावली आणि दोन बाजूंना दाराच्या दोन चिरोट्या. सपाटपणाचं कारण समोर होतं. मग खुर्ची माजघरात नेली, दारापासून चार फुटांवर, आणि दार तात्यांच्या डाव्या हाताला आलं. हेल्मेटवर आता एका बाजूला दाराचा लांब उभा पट्टा. खुर्ची इंच-इंच फिरवून तो पट्टा गालफडाच्या हाडावर येईल असा आणला. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट, दीड फुटावर. तिचाही एक पट्टा, पण मंद. घरातला बल्ब लावला तर हेल्मेटवर एक टोचणारा ठिपका. फ्लॅशचंही तेच, आणि तो ठिपका कपाळावर जसाच्या तसा उतरतो. मोठ्या दाराची चमक गालापेक्षा दीड स्टॉपच वर होती, म्हणजे राखाडीच्या अर्धा स्टॉप वर, तीत कातडीचे बारकावे शाबूत. बल्बची चमक मात्र मोजायच्या पलीकडे.

तात्या फिरवाफिरवीला कंटाळून म्हणाले, “हेल्मेटाचाच काढ आता, ते हलत नाही.”

दोन प्रयोग फसले. पोलरायझर लावून चमक पुसून बघितली. रंग गडद आला, दीड स्टॉप उजेड गेला आणि चेहरा परत गोळा झाला. घामाच्या दिवसांत कपाळावरची जादा चमक थोडी उतरवायला तो चालेल, अर्धवट फिरवून. दुसरं म्हणजे तोंडाला पावडर. नको. उलट थंडीत कातडी कोरडी पडली की खरखरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि चेहरा पांढुरका दिसतो. बोटभर खोबरेल तेल गालाला चोळलं, वर पंचानं टिपलं, आणि रंग आपोआप खोल झाला.

चौथा रविवार रंगात गेला. माजघराच्या भिंती पोपटी. सावलीतल्या गालावर तो पोपटी उतरला होता, आणि दाराकडच्या गालावरची चमक निळसर, कारण दारातून दिसतं ते आकाश. चमकेला कातडीचा रंग नसतो, उजेडाचा असतो. ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतला तरी दोन बाजूंचे दोन रंग काही एक होत नाहीत. पोपटी भिंतीसमोर काळी घोंगडी टांगली, थर्माकोल तिच्यापुढे, हिरवा गेला. निळा मात्र मी थोडा राहू दिला आहे. बटण जरा उबेकडे सरकवून तो अर्धा केला, पूर्ण घालवला की टोपी पिवळी पडते. मागच्या काळपट कपाटात सदऱ्याच्या वरची मान हरवत होती. कपाट उघडून आतला जुना पितळी डबा दोन इंच पुढे सरकवला. मानेच्या कडेला फिकट पार्श्वभूमी मिळाली आणि मान सुटी झाली. वेगळा दिवा लागला नाही.

पाचव्या रविवारी काकू म्हणाल्या, आता दोघांचा काढ. काकू गोऱ्यापान. एकाच उजेडात गाल मोजले, तात्यांचा १/५०, काकूंचा १/१२५. फरक सव्वा स्टॉपचा, अर्धी टोपी झाली म्हणायची. दोघांना दारापासून सारख्या अंतरावर बसवलं की एक तरी बिघडतो. म्हणून तात्या दाराजवळ चार फुटांवर, काकू पलीकडे सहा फुटांवर, आणि थर्माकोल काढून टाकली, कारण ती काकूंनाच उजळवत होती. फरक अर्ध्या स्टॉपवर आला. तात्यांचा गाल उणे एकवर ठेवून १/१०० ला घेतला.

तात्यांना फोटो पसंत. काकूंचं म्हणणं, “ह्यांना दारात बसवलंस आणि मला अंधारात. मी सावळी दिसते.” पुढच्या रविवारी काकूंचा एकटीचा घ्यायचा आहे.