प्लेटीखालची आग आणि पाच मिलिमीटरचा घोळ

फेब्रुवारीत आतड्याच्या टीबीने छेद पडला, संभाजीनगरला ऑपरेशन झालं आणि पोटावर उजव्या बाजूला इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटाबाहेर काढून केलेली मळाची वाट, घेऊन परभणीला घरी आलो. महिनाभर बरं चाललं. मग स्टोमाच्या, म्हणजे आतड्याच्या त्या बाहेर आलेल्या तोंडाच्या, भोवती आग व्हायला लागली, मळ गोळा करणारी बॅग तीन-चार दिवस टिकायची ती रोज रात्री गळायला लागली आणि मी काय करायचो, तर वरून चिकटपट्टी लावायचो. लै मोठी चूक. चिकटपट्टीने गळती दिसायची बंद झाली, पण घाण खालीच साठली. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पचनाचा रस असतो, तो कातडी अक्षरशः पचवतो. बॅगेची कातडीला चिकटणारी प्लेट काढली तर खाली लालभडक, ओलसर, हात लावू देईना.

ओपीडीत सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, प्लेटीचं भोक किती एमएमचं कापता?" मी म्हणलं पस्तीस, पहिल्या दिवशी कापून दाखवलं होतं तेवढंच. त्यांनी बॉक्समधलं गोल भोकांचं पुठ्ठ्याचं माप लावलं, स्टोमा निघाला अठ्ठावीस! ऑपरेशननंतरची सूज सहा ते आठ आठवडे उतरत राहते, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे भोवती तीन-साडेतीन मिलिमीटर कातडी उघडी, सगळा रस तिच्यावर. आता तीस कापायचं, स्टोमाच्या भोवती जेमतेम एखादा मिलिमीटर मोकळा राहील असं.

बॅग सकाळी काही खायच्या आधी बदलतो, तेव्हा स्टोमा शांत असतो. कोमट पाण्याने पुसायचं, साबण, तेल, क्रीम काही नाही, नाहीतर प्लेट चिकटत नाही. कातडी पूर्ण कोरडी, ओल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची (मी आधी थापायचो, त्यावर काय चिकटणार!). प्लेट लावून दोन मिनिटं तळहाताने दाबून धरतो. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी, जड झाली की प्लेट ओढली जाते. आठवड्याभरात कातडी सुकली.

मग एप्रिलचं ऊन आलं. तहान लागली की साधं पाणी ढोसायचो, जितकं पिलं तितकंच बॅगेत. बायकोने जुन्या मापट्याने मोजलं तर दिवसाचे अठराशे मिली, पिंडऱ्यांत गोळे, लघवी थोडी आन गडद. डॉक्टर म्हणाले दीड लिटरच्या वर गेलं की दवाखाना गाठायचा, आणि नुसत्या पाण्याने अंगातलं मीठ आणखी निघून जातं. मोठं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, घोटघोट, दिवसभर. जेवणाआधी अर्धा तास गोळी, ती त्यांनीच लिहून दिलेली, आपल्या मनाने घेऊ नका. जेवणात मऊ भात, केळं, साबुदाणा, याने घट्ट होतं. चार दिवसांनी मापट्यात नऊशे भरले, बायको म्हणली, "आता झोपा निवांत."