चार दिवसांनी बालक

मी तालुका कोर्टात विधी सेवा समितीतर्फे रिमांडचं काम बघते, म्हणजे ज्याला स्वतःचा वकील नाही त्याच्यासाठी उभं राहायचं. त्या दिवशी यात्रेतल्या मारामारीचे आरोपी आणले होते. काठीने एकाचा हात मोडलेला. त्यातल्या एकाच्या कागदावर वय १८ लिहिलं होतं आणि १८ दिसलं की मी जन्मतारीख विचारतेच. पोरगा म्हणाला, एक जून.

आपल्याकडे एक जूनवाले किती आहेत हे वेगळं सांगायला नको, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. मारामारी झाली २८ मेच्या रात्री आणि पोलिसांनी उचललं ३ जूनला. म्हणजे अटकेच्या दिवशी १८ पूर्ण, पोलिसांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, पण गुन्ह्याच्या दिवशी अठराला चार दिवस कमी. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये बघायचा तो गुन्ह्याचा दिवस, अटकेचा नाही. त्यामुळे कायद्यासाठी हा आरोपी नव्हताच, विधी संघर्षग्रस्त बालक होता, आणि बालकाला पोलिसांच्या कोठडीत ठेवताच येत नाही. हा मात्र मोठ्या माणसांबरोबर रात्रभर लॉकअपला होता.

आई बाहेर बसलेली. तिला म्हणलं की मावशी, कायद्याने हा अजून लहान धरला जाईल, तर ती घाबरलीच. "न्हाई ओ मॅडम, बारका कुठला, ट्रॅक्टर चालवतोय, पोरगी बघायला लागलोय आम्ही." तिला वाटलं पोराला बारका म्हणलं की त्याची बाजू कोण ऐकून घेणार नाही. मग तिच्याच पिशवीतला सातबारा दाखवला. नवरा वारल्यावर पोराचं नाव लागलेलं, पुढे अ.पा.क. म्हणून हिचं नाव, अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे अठराच्या आतला एवढं तिला पक्कं माहीत होतं, कारण त्या शेऱ्यामुळे एकदा जमीन गहाण ठेवायची अडली होती. म्हणलं, तेच हे, फक्त गुन्ह्याच्या कायद्यात त्याला बालक म्हणतात. तेव्हा कुठे तिने दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट आणायला दिराला गावाला पाठवलं.

दुपारी सर्टिफिकेट आलं, एक जूनच. समोरच्या पक्षाच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली की पोरगा उसाच्या टोळीवर जन्मलाय, ग्रामपंचायतीत नोंद नाही, गावात सगळे म्हणतात आदल्या दिवाळीचा आहे, मिसरूड बघा, हाडांची तपासणी करा. ऐकायला बरोबर वाटतं, पण कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीची नोंद, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड त्या यादीत नाहीच. आणि मला हा क्रम मनापासून पटतो, कारण हाडांवरून वय काढलं की दोनेक वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, जिथे प्रश्न चार दिवसांचा आहे तिथे ती तपासणी काय सांगणार, आणि गावाच्या आठवणीवर सोडलं तर ज्याला जशी सोयीची तशी दिवाळी निघेल.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी सर्टिफिकेट मान्य केलं आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवलं. सोळाच्या वरच्या बालकावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, पण त्यासाठी किमान सात वर्षं शिक्षेचा जघन्य गुन्हा लागतो, हा तसा नव्हता. एक अडचण मात्र होती. अठरा ओलांडून पकडलेल्याची चौकशी बालक म्हणूनच होते, पण जामीन नाही मिळाला तर त्याला निरीक्षणगृहात लहान पोरांत न ठेवता सुरक्षित ठिकाणी ठेवायचं असतं, आणि ती जागा आमच्यापासून लांब. म्हणून जामिनासाठीच जोर लावला आणि मंडळाने तो दिला, आईच्या हमीवर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीत.

तोवर एका लोकल बातमीच्या ग्रुपवर 'तरुणास अटक' म्हणून नाव, गाव, फोटो सगळं फिरलेलं. बातमी टाकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, अठरा झालेत की, तरुणच आहे ना." त्याच्या भाषेत बरोबर. पण कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणात नाव, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बातमी काढली त्याने, पण फोटो पुढे कुठे कुठे गेला कुणाला माहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

निघताना आईने विचारलं की आता लग्नाचं काय. सांगितलं, मुलाला एकवीस लागतात, अजून तीन वर्षं थांबा. तलाठ्याकडे मात्र आताच अर्ज करा, वयाचा पुरावा जोडा, अ.पा.क.चा शेरा निघेल आणि जमीन त्याच्या स्वतःच्या नावाने चालेल. मंडळाची पुढची तारीख त्याच महिन्यात होती, तिथे तो बालक म्हणूनच उभा राहणार होता.