कट बघून अंगठीचं वय काढताना

आजीच्या अंगठीचा कागद कुठेच नव्हता. घरात सगळे 'शंभरेक वर्षांची असेल' म्हणायचे, त्यामुळे वय अंगठीलाच विचारायचं ठरवलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटर मोजणारं कॅलिपर आणि बाजूने पडणारा उजेड एवढ्यावर बरंच काम भागतं.

मधला हिरा आधी बाजूने पाहिला. वरचा भाग चांगला उंच, खालचा त्याहून खोल, आणि वरचं सपाट टेबल हिऱ्याच्या रुंदीच्या जेमतेम निम्मं. मग वरून. आकार धड गोल नाही, धड चौकोनी नाही, कोपरे गोलावलेले. कॅलिपरवर लांबी 6.4 आणि रुंदी 5.9 मिलिमीटर. टेबलातून आत पाहिलं की मधोमध एक छोटा काळसर ठिपका दिसतो, जणू हिऱ्याला भोक पडलंय. ते भोक नसतं. खालचं टोक अणकुचीदार न ठेवता तिथे एक पैलू पाडलेला असतो, त्याला क्युलेट म्हणतात. या सगळ्या खुणा ओल्ड माइन कटच्या.

हा आकार हौसेने आलेला नाही. बराच कच्चा हिरा आठ पैलूंच्या स्फटिकात मिळतो. हिरा कापणारी फिरती करवत 1900 च्या सुमारास आली. त्याआधी घासून जेवढं जाईल तेवढंच घालवायचं, म्हणून वजन वाचवण्यासाठी नग उंच आणि खोल राहायचा. कडेची घडण एका हिऱ्यावर दुसरा हिरा हाताने घासून व्हायची, त्यामुळे घेर वाकडातिकडा. 1870 च्या दशकात बोस्टनला हेन्री मोर्स आणि चार्ल्स फील्ड यांनी हे घासण्याचं यंत्र आणलं, आणि नीट गोल नग काढणं सोपं झालं. त्यातून ओल्ड युरोपियन कट पसरला. तरी यंत्र आलं म्हणून हाताने घासणारे दुसऱ्या दिवशी थांबले नाहीत. म्हणून ओल्ड माइन कट दिसला की 18 वं शतक ते 19 व्याची अखेर, एवढा मोठा पट्टा हाती येतो. तोही नगाचा, अंगठीचा नव्हे. जुना नग नव्या कोंदणात बसवणं ही जवाहिरांची रोजची गोष्ट.

भोवतीचे बारीक नग रोझ कटचे होते. याला तळ सपाट, वर घुमट, आणि घुमटावर त्रिकोणी पैलू. बारीक नगांवर ते मोजकेच असतात. खालून उजेड परतवणारा निमुळता भाग नसल्यामुळे हा नग लखलखत नाही, पाण्यासारखा मंद चमकतो. लोक रोझ कट दिसला की लगेच 'फार जुनी' म्हणतात, पण वय काढायला मला हा कट सर्वांत कमी भरवशाचा वाटतो. तो 16 व्या शतकापासून 20 व्याच्या सुरुवातीपर्यंत चालला, आणि आता पुन्हा पाडला जातो.

त्या रांगेत एक नग मात्र वेगळा चमकत होता. भिंगाखाली त्याचं टेबल मोठं, पैलू काटेकोर, म्हणजे आधुनिक ब्रिलियंट. कधीतरी एक रोझ कट निखळला आणि त्या जागी हा बसला. त्यावरून अंगठीचं वय काढलं असतं तर सगळंच फसलं असतं.

मग कोंदण उलटं केलं. वरून चांदी, खालून सोनं. पिवळ्या धातूची झाक पांढऱ्या हिऱ्यात दिसू नये म्हणून 19 व्या शतकात असं करत. 20 वं शतक उजाडल्यावर हे काम प्लॅटिनमकडे गेलं. बारीक नगांच्या मागची बाजू बंद होती, मधल्याच्या मागे उघडी. बंद कोंदणात नगाखाली चमकदार वर्ख घालायची पद्धत जुनी, पण रोझ कटसाठी ती उशिरापर्यंत टिकली, म्हणून मी उघड्या भागाला जास्त वजन दिलं.

आणि कडीवर 750 चा शिक्का, म्हणजे हजारात 750 भाग सोनं, आजच्या दागिन्यांवर असतो तसा! एवढ्यावर कुणी ती नवी ठरवली असती. पण कडी आणि वरचं डोकं जिथे जुळतं तिथे डाकाची फिकट रेघ होती. शिक्का कडीपुरता, डोक्याला लागू नाही.

माझ्या टिपणात मी असं लिहिलं: डोकं 19 व्या शतकाचा उत्तरार्ध, मधला नग त्याच काळातला किंवा आधीचा, एक बारीक नग आणि कडी नंतरची. यापेक्षा नेमकं, दशकापर्यंत, सांगता येत नाही. हिऱ्याच्या रंग-शुद्धतेवरून काळ कळत नाही, म्हणून तिकडे गेलोच नाही.

दाखवायला नेलं तेव्हा एका जवाहिराने सुचवलं, मधला नग नव्या पद्धतीने घासून घ्या, चमक दुप्पट होईल. चमक वाढली असती यात शंका नाही. पण तो उंच माथा, ते छोटं टेबल आणि क्युलेट धुळीत गेलं असतं, वजनही बरंच उतरलं असतं. मी फक्त सैल झालेली दोन नखं दाबून घेतली.